पोच म्हणजे उत्तर नव्हे

१६ एप्रिल २०२४ रोजी, मंगळवारी दुपारी, झाशीहून आलेले एक गृहस्थ दिल्लीतील माझ्या कार्यालयात भेटीसाठी आले. वय पन्नाशीच्या आसपास, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत दोन कागद. पहिला कागद त्यांच्या विधवा मावशीच्या वतीने ५ फेब्रुवारीला त्यांनी मला पाठविलेल्या ईमेलची छापील प्रत. दुसरा कागद त्यावर ७ फेब्रुवारीला मी स्वतः दिलेले उत्तर. ते एका ओळीचे होते: ‘आपले पत्र मिळाले. उचित कार्यवाही करण्यात येत आहे.’ गृहस्थांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “साहेब, आपलं उत्तर आलं होतं. म्हणून आम्ही थांबलो.”

७१ दिवस ते थांबले होते. मावशींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण होते. निवृत्तिवेतन प्रदान आदेशात त्यांचे नाव एका प्रकारे लिहिलेले, बँकेच्या खात्यात दुसऱ्या प्रकारे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत एवढे आमच्या कार्यालयाने बँकेला कळवावयाचे होते. संचिका मागवून तसे पत्र काढण्यास त्या दुपारी आम्हाला चाळीस मिनिटे लागली. चाळीस मिनिटांच्या कामासाठी एका वृद्धेला सव्वादोन महिने उत्पन्नावाचून राहावे लागले, आणि त्याला कारण माझी टपालपेटी होती. त्या टपालपेटीचे पुढे मी काय केले, ते येथे सविस्तर लिहितो.

तोवर माझी पद्धत बहुतेकांची असते तीच होती. न वाचलेली पत्रे ठळक अक्षरांत दिसतात. ती वाचावयाची, आणि ठळक अक्षरे संपली की दिवसाचे टपाल संपले असे मानावयाचे. ही पद्धत ‘वाचले की नाही’ एवढेच सांगते. ‘उत्तर दिले की नाही’ हा प्रश्न ती विचारीतच नाही. सकाळी मोटारीत बसून भ्रमणध्वनीवर वाचलेले पत्र कार्यालयात पोहोचेपर्यंत साध्या अक्षरांत गेलेले असते, आणि दोन दिवसांत नव्या टपालाखाली दिसेनासे होते. ११ मार्चला त्या गृहस्थांनी पाठविलेले स्मरणपत्र मी असेच वाचले होते.

कागदी टपालाच्या काळात हे घडणे तुलनेने अवघड होते. आवक नोंदवहीत पत्राची नोंद होई, आणि अंतिम उत्तर गेल्याशिवाय ती नोंद बंद होत नसे. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत दर आठवड्याला थकबाकीचे विवरणपत्र काढण्याची जी प्रथा आहे, तिचा आधार ही उघडी राहिलेली नोंदच. तेव्हा मला नवे काही शोधावयाचे नव्हते. नोंदवहीतील उघडी नोंद टपालपेटीत कशी ओळखावी, एवढाच प्रश्न होता.

त्याचे अर्धे उत्तर यंत्रात तयारच असते. IMAP पद्धतीने चालणाऱ्या टपालपेटीत प्रत्येक पत्रावर काही खुणा ठेवता येतात. वाचलेल्या पत्राला `\Seen`, आणि ज्याला ‘रिप्लाय’ची कळ दाबून उत्तर दिले त्याला `\Answered`. पडद्यावर ही दुसरी खूण पत्राशेजारच्या लहान वळत्या बाणाच्या रूपात दिसते. आपण आजवर पहिल्या खुणेवरून शोध घेत होतो. तो दुसऱ्या खुणेवरून घ्यावयाचा. मी थंडरबर्ड ही मोफत प्रणाली वापरतो. तिच्यात `Saved Search` नावाची सोय आहे. एकदा अटी लिहून ठेवल्या की त्या अटींत बसणारी पत्रे कायम एका वेगळ्या कप्प्यात दिसत राहतात. माझ्या अटी अशा:

```
Match all of the following
Status       isn't            Replied
Age In Days  is greater than  5
To           contains         (माझा पत्ता)
```

तिसरी अट परिपत्रकांसाठी आहे. ज्या पत्राची केवळ प्रत माझ्याकडे आली, त्याचे उत्तर सहसा दुसऱ्या कोणी द्यावयाचे असते. मात्र आपल्या कार्यालयाला विभागाच्या सामाईक पत्त्यावर पत्रे येत असतील तर ही अट ती पत्रे लपवील. तेथे ती गाळावी, किंवा सामाईक पत्त्यासाठी वेगळा शोध ठेवावा.

पाच हाच आकडा का, हे अनेक सहकाऱ्यांनी विचारले आहे. खासदारांच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि उत्तर त्यानंतरच्या १५ दिवसांत द्यावे, असा केंद्रीय कार्यपद्धतीचा दंडक आहे. नागरिकांच्या पत्रांसाठीही मी तोच मानतो. तर मग शोधात १५ का लिहू नये? कारण १५ दिवस उलटल्यावर दिसणारे पत्र उशीर झाल्यावरच दिसते. सात लिहिले तरी अडचण सुटत नाही. मी हा कप्पा दर सोमवारी उघडतो. एखादे पत्र त्या सोमवारी बरोबर सात दिवसांचे असेल तर ते ‘सातपेक्षा अधिक’ या अटीत बसत नाही, आणि पुढच्या सोमवारी दिसते तेव्हा १४ दिवसांचे झालेले असते. हातात एक दिवस उरतो. पाच लिहिले तर सर्वांत उशिरा दिसणारे पत्र १२ दिवसांचे असते, आणि संचिका मागविण्यास तीन दिवस मिळतात. थोडक्यात, मुदतीतून दोन तपासण्यांमधील अंतर वजा करावे, आणि प्रत्यक्ष कामाला लागणारे दिवसही वजा करावेत. जो आकडा उरेल तो शोधात लिहावा.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी हा शोध प्रथम चालविला. माझ्या टपालपेटीत ६,१४० पत्रे होती. उत्तर न दिलेली आणि पाच दिवसांहून जुनी २,३१८. त्यांतील केवळ माझ्या पत्त्यावर आलेली ७०४. यादी प्रेषकाच्या नावाने लावल्यावर यंत्राने आपोआप पाठविलेली पत्रे एकगठ्ठा दिसली. ती बाजूला केल्यावर २१३ उरली. येथून पुढे यंत्राचा उपयोग नव्हता. प्रत्येक पत्र उघडून पाहणे प्राप्त होते, आणि त्याला मला दोन संध्याकाळ लागल्या. १३१ पत्रांना उत्तर गेलेले होते, परंतु ते कक्षाच्या पत्त्यावरून, दूरध्वनीवर किंवा नवे पत्र लिहून. त्यामुळे बाणाची खूण उमटलेली नव्हती. ६१ पत्रांना उत्तराची अपेक्षाच नव्हती. उरलेल्या २१ पत्रांत कोणीतरी काहीतरी मागितलेले होते आणि त्यांना कोणीही काहीही कळविले नव्हते. त्यांतील सर्वांत जुने ९४ दिवसांचे होते.

झाशीच्या गृहस्थांचे ५ फेब्रुवारीचे मूळ पत्र मात्र या २१ मध्ये नव्हते. ते २,३१८ मध्येही नव्हते. यादीत सापडले ते त्यांचे मार्चमधील स्मरणपत्र. मूळ पत्रावर बाणाची खूण होती, कारण मी त्याला ‘उत्तर’ दिले होते! यंत्राच्या दृष्टीने पोच आणि उत्तर एकच. हा शोध वर्षभर आधीपासून चालू असता, तर त्यांचे प्रकरण मला १८ मार्चच्या सोमवारी, म्हणजे ४२ व्या दिवशी दिसले असते, आणि तेही त्यांनी स्मरणपत्र पाठविले म्हणून. ज्याने माझ्या पोचेवर विश्वास ठेवून स्मरणपत्र पाठविलेच नाही, तो या यादीत कधीच आला नसता. भरवसा ठेवणाऱ्यालाच पद्धत विसरते, ही गोष्ट मला फार लागली.

म्हणून दुसरा कप्पा करावा लागला. आता पोच देताना मी त्याच वेळी मूळ पत्राला ‘पोच दिली’ असे लेबल लावतो. थंडरबर्डमध्ये त्याला `Tags` म्हणतात. दुसऱ्या शोधाच्या अटी दोनच: हे लेबल असावे आणि पत्र १२ दिवसांहून जुने असावे. वय मूळ पत्राच्या तारखेपासून मोजले जाते, पोचेच्या तारखेपासून नाही, हे येथे उपकारकच ठरते. ५ फेब्रुवारीचे पत्र या कप्प्यात १९ फेब्रुवारीच्या सोमवारी, १४ व्या दिवशी दिसले असते. लेबल काढावयाचे ते अंतिम उत्तर गेल्यावरच. जुन्या लिपिकांच्या भाषेत सांगायचे तर नोंद तेव्हाच बंद होते.

उत्तर दुसऱ्या मार्गाने गेले असेल तर ते पत्र मी ‘निकाली’ नावाच्या कप्प्यात हलवितो. शोध केवळ मुख्य टपालपेटीत चालतो, त्यामुळे ते पुन्हा समोर येत नाही. कक्ष अधिकाऱ्याकडे पत्र पुढे पाठविले एवढ्याने मात्र मी ते हलवीत नाही. पुढे पाठविल्याने `\Answered` ही खूण उमटत नाही, आणि ते योग्यच आहे. पत्र पाठविणाऱ्या माणसाला अद्याप काहीच मिळालेले नसते.

आणखी एक खबरदारी. काही भ्रमणध्वनींवरून दिलेल्या उत्तराची खूण मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचत नाही. आपला भ्रमणध्वनी कसा वागतो हे तपासणे सोपे आहे: त्यावरून एका पत्राला उत्तर द्यावे आणि कार्यालयातील संगणकावर बाण दिसतो का ते पाहावे. त्याचप्रमाणे, उत्तर दिलेले नाही अशी खात्री असलेले एक जुने पत्र मी मुद्दाम टपालपेटीत राहू दिले आहे. एखाद्या सोमवारी यादी रिकामी दिसली आणि तेही पत्र तीत नसले, तर काम संपले असे न समजता शोध बिघडला आहे असे मी समजतो. टपालपेटी एका यंत्रणेतून दुसरीकडे हलविली जाते तेव्हा या खुणा हरविण्याचा संभव असतो. तशा वेळी हे एक पत्र कामी येते.

आता दर सोमवारी दोन्ही कप्पे मिळून दहा-पंधरा पत्रे असतात आणि वीस मिनिटांत ती हाताळून होतात. काही पत्रांचे उत्तर ‘नाही’ असे असते. तेही लिहून पाठवितो, कारण नकार मिळालेला माणूस निदान दुसरे दार ठोठावू शकतो.

बँकेला पाठविलेल्या पत्राची प्रत घेऊन ते गृहस्थ उठले, तेव्हा मी दिलगिरी व्यक्त केली. ते म्हणाले, “साहेब, आपण निदान उत्तर तरी दिलंत.” त्यांचा त्यात कोणताही उपरोध नव्हता. ७ फेब्रुवारीच्या त्या ओळीला ते अजूनही उत्तरच समजत होते.