डबीच्या कोपऱ्यातला आकडा

हिंगोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या तरुणाने वापरलेला प्लेस्टेशन ४ घेतला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो ‘द विचर ३’चा. डिजिटल प्रत घरबसल्या मिळत होती. नांदेडचा एक जण मात्र तीच गेम डिस्कवर बाराशे रुपयांत द्यायला तयार होता.

त्याने डबीच्या पुढच्या बाजूचा खालचा कोपरा पाहिला. तिथे इंग्रजी ‘M’ होता. म्हणजे डिस्क अमेरिकेची. युरोपच्या डबीवर तिथे १८ हा आकडा असतो. प्लेस्टेशन ४ कुठल्याही देशाची डिस्क चालवतो, त्यामुळे गेम सुरू झाली असती. अडचण पुढे होती. या गेमचे ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ हे दोन मोठे विस्तार वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि भारतीय खात्यावरून घेतलेला विस्तार अमेरिकन डिस्कशी जुळत नाही. पैसे जातात, नवा प्रदेश उघडत नाही. म्हणून त्याने थांबून युरोपची, २०१६ची ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्ती शोधली. तिच्यात दोन्ही विस्तार आधीच होते.

डिस्क हातात आल्यावर त्याने ती उजेडात तिरपी धरली. ब्लू-रे डिस्कमध्ये माहितीचा थर चमकत्या पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. डीव्हीडीवरचा ओरखडा घासून काढता येतो. इथे खोल ओरखडा गेला की गेम गेली. खरी परीक्षा कन्सोलवर होते. डिस्कवरची सगळी गेम आधी हार्ड डिस्कवर उतरते. ते उतरणं पुन्हा पुन्हा एकाच टक्क्याला अडलं, तर डिस्क परत करावी.

म्हणजे डिस्क घेतली तरी कन्सोलमधली जागा वाचत नाही. त्याच्या ५०० जीबीच्या कन्सोलवर अशा सात-आठच मोठ्या गेम मावतात. फळीवर डबी साधारण १४ मिलिमीटर जागा खाते. एका फुटात विसेक डब्या. भाड्याच्या घरात पुस्तकं, औषधं, देव यांच्यामध्ये तो एक फूटसुद्धा मागून घ्यावा लागतो. डिजिटल प्रतीला फळी लागत नाही, सेलमध्ये ती कधी सातशेलाही मिळते. पण खेळून झाली तरी ती त्याच खात्यात राहते, कुणाला विकता येत नाही.

त्याने हिशेब मांडला: बाराशेला घेतलेली डिस्क नऊशेला गेली, तर गेम तीनशेला पडली. एकदा खेळून सोडायच्या गेमसाठी डिस्क, आणि रोज पाच मिनिटं उघडायच्या छोट्या गेमसाठी डिजिटल, असं त्याने ठरवलं. सतत सर्व्हरला जोडलेल्या गेमची डिस्क मात्र तो घेत नाही. ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले, तेव्हा डिस्कवाल्यांचीही गेम थांबली.

दोन महिन्यांनी कळमनुरीचा एक मुलगा ‘विचर’ न्यायला आला. पैसे काढण्याआधी त्याने डबी फिरवून पुढचा खालचा कोपरा शोधला. तिथे १८ होता.