आजोबांची सही कोणत्या कायद्यात आहे?

पिंपळगाव रेणुकाईतली आमची एक ताई. नवरा वारला, तिनं दुसरं लग्न केलं. मुलाचं आडनाव बदलायला गेली तर उत्तर मिळालं, "आजोबांचं संमतीपत्र आणा."

आम्ही सर्वोच्च न्यायालयाचा २८ जुलै २०२२ चा निकाल पुढं ठेवला : अकेला ललिता विरुद्ध कोंडा हनुमंत राव. तिथंही वडील वारलेले, आईचं दुसरं लग्न झालेलं आणि आजी-आजोबा कोर्टात गेलेले. उच्च न्यायालयानं मुलाला जुनं आडनाव परत लावायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. वडिलांच्या पश्चात आई एकटीच नैसर्गिक पालक, म्हणून आडनाव तिनंच ठरवायचं.

१९५६ चा पालकत्व कायदा नावानं 'हिंदू', पण आम्हा बौद्धांनाही तोच लागू. (हे शल्य वेगळंच!) त्यात सावत्र वडील नैसर्गिक पालक नाहीत. त्यामुळं अर्जावर सही आईचीच.

घटस्फोट झालेला आणि वडील हयात असतील तर मात्र हा निकाल जसाच्या तसा चालत नाही. ताबा आईकडं आला म्हणून वडिलांचं पालकत्व संपत नाही. त्यांची लेखी संमती घ्यावी, नाकारली तर कोर्टात जावं. नव्या नवऱ्याला मूल दत्तक द्यायचं तर ती संमती सहसा कायद्यानंच लागते.

ताईच्या अर्जाला आम्ही पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडला. आजोबांचं पत्र जोडलं नाही.