चार तास की पाऊण तास

मागच्या वर्षी जूनमध्ये बाबा स्कूटरवरून पडले आणि त्यांचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन झालं, वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधले आणि डॉक्टर म्हणाले, पाच आठवडे फक्त पातळ. पातळ म्हणजे स्ट्रॉमधून वर चढेल असं. मऊ भातसुद्धा नाही.

बाबांना आयुष्यात दोनच गोष्टींची हौस, बोलायची आणि खायची. आता दोन्ही बंद. ते एका वहीत लिहून बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, ‘दूध नको. कोंबडीचं पाणी.’

आमच्या घरात कोंबडीचं पाणी म्हणजे अळणी. आई कोल्हापूरची. आलं-लसूण, हळद, मीठ घालून मटण किंवा कोंबडी शिजवायची आणि तिखट पडायच्या आधी वरचं पाणी काढून घ्यायचं. लहान मुलांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला तेच. मी यूट्यूबवर ‘बोन ब्रॉथ’ बघून मोठी झालेली. त्यामुळे पहिल्या संध्याकाळीच स्वयंपाकघरात आमची जुंपली. आई म्हणाली, ‘मंद आचेवर चार तास ठेव, तेव्हा कुठं हाडातलं उतरतं. कुकरच्या पाण्याला चव नसते.’ मला सकाळी नऊपासून मीटिंगा होत्या. चार तास गॅसपाशी कोण बसणार? मी कुकर काढला.

आणि आईचंच खरं झालं. मी मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या काढल्या, घाई म्हणून कुकर नळाखाली धरला आणि झाकण उघडलं. आत पिठाच्या पाण्यासारखं गढूळ, तेलकट काहीतरी होतं. बाबांनी दोन घोट घेतले आणि वहीत लिहिलं, ‘दातांवर मेण बसलंय.’ बांधलेल्या दातांवर आतून ब्रश फिरत नाही. चरबीचा थर त्यांना दिवसभर पुरला.

त्या रात्री मी जरा शोधाशोध केली, आणि कळलं की चूक कुकरची नव्हती, माझी होती.

सूपला अंगचा दाटपणा येतो तो कोलॅजनमुळे. कातडी, सांध्यांवरच्या कुर्च्या, स्नायू हाडाला बांधणारे पांढरे दोरे, या सगळ्यांत ते असतं. पाण्यात बराच वेळ तापलं की त्याची वीण सुटते आणि जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. जितकी उष्णता जास्त, तितकं हे काम भराभर होतं. उघड्या पातेल्यातलं पाणी काही केलं तरी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मंद आचेवर ते ९०-९५ पर्यंतच राहतं. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. पंचवीस-तीस अंशांच्या या फरकामुळे चार तासांचं काम पाऊण तासात होतं.

मग गढूळपणा कुठून आला? खळखळ उकळण्यातून. पाणी जोरात उसळलं की चरबीचे बारीक बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतात, फेसाचे कणही फुटून पसरतात. म्हणून तर पातेल्यातलं सूप खदखदू देत नाहीत, मधूनच एखादा बुडबुडा वर आला तर पुरे. गंमत अशी, की कुकरमधून वाफ बाहेर पडत नसेल तर आतलं पाणी इतकं गरम असूनही जवळपास शांत असतं. शिट्टी होते तेव्हा वाफ सुटते, दाब उतरतो आणि पाणी एकदम उसळतं. मी सहा वेळा ते उसळवलं. शेवटी नळाखाली धरून दाब झटक्यात उतरवला, तेव्हा तर आत वादळच झालं असणार. डाळीला त्यानं काही बिघडत नाही, सूपला बिघडतं.

म्हणजे कुकरमध्ये सूप करायचं तर शिट्ट्या मोजायच्याच नाहीत. तशीही शिट्टी हे काही माप नाही. आच मोठी असली तर दोन मिनिटांत होते, लहान असली तर वीस मिनिटांत. पहिली शिट्टी होऊ द्यायची, लगेच कुकर सगळ्यात लहान बर्नरवर न्यायचा, आच इतकी कमी करायची की शिट्टी नुसती फुसफुसेल पण उठणार नाही, आणि घड्याळ लावायचं.

आईला हे पटलं नाही. मग रविवारी आम्ही दोघींनी शेजारी शेजारी करून बघायचं ठरवलं.

चिकनवाल्याकडून दोन किलो हाडं आणली. बोनलेस काढल्यावर उरणारे सांगाडे, माना, पंखांची टोकं आणि अर्धा किलो पंजे. पंजे घ्यायला मी बिचकत होते, पण त्यांत मांस जवळजवळ नसतं, नुसती कातडी, कुर्च्या आणि दोरे. सूप थिजतं ते मुख्यतः त्यांच्या जोरावर. आईनं नखं उडवली. सगळं थंड पाण्यात घालून एक उकळी आणली, वर आलेला करडा फेस पाण्यासकट ओतून दिला आणि हाडं धुतली. कुकरमध्ये मधे झाकण उघडून फेस काढता येत नाही, म्हणून तिथं ही पहिली उकळी टाळू नये.

मग दोन सारखे वाटे केले. आईच्या पातेल्यात एक किलो हाडं आणि अडीच लिटर पाणी, माझ्या पाच लिटरच्या कुकरमध्ये एक किलो हाडं आणि दीड लिटर पाणी. पातेल्यातलं आटतं, कुकरमधलं आटत नाही, म्हणून हा फरक. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही हेही पाहिलं. दोन्हींत एक कांदा, आल्याचा तुकडा, चार लसूणपाकळ्या, सहा मिरी दाणे. मीठ कुणीच घातलं नाही, कारण सूप नंतर आटवायचं झालं तर ते खारट होतं.

पातेलं चार तास चाललं. आई मधून मधून यायची, झाऱ्यानं फेस काढायची, हाडं उघडी पडली तर कपभर गरम पाणी घालायची. कुकर पन्नास मिनिटं मंद आचेवर राहिला, मग गॅस बंद करून मी त्याला हात लावला नाही. दाब आपोआप उतरायला आणखी पंचवीस मिनिटं गेली. म्हणजे कुकरचा पाऊण तास हा खरं तर सव्वा तास असतो, हे आईनं लगेच दाखवून दिलं. पण त्यातला बराचसा वेळ मी दुसऱ्या खोलीत होते.

दोन्ही गाळून मोजलं, तर सव्वा लिटर आणि एक लिटर चारशे मिली. आईनं कबूल केलं की माझं सूप तिच्याइतकंच नितळ आहे. गाळलेलं सूप गरम पातेल्यात तसंच ठेवलं तर तासन्‌तास कोमट राहतं आणि त्यात जंतू वाढतात. म्हणून भांडी सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून निवली की फ्रिजमध्ये टाकली. सकाळी दोन्हींवर चरबीचा पिवळा थर जमला होता, तो चमच्यानं अखंड निघाला. खाली दोन्ही थिजलेली. डबा हलवल्यावर आईचं थरथरत होतं. माझं त्याहून घट्ट, चमचा उभा राहील असं. त्यात पाणी थोडं जास्त असूनही.

बाबांना दोन पेले न सांगता दिले. त्यांनी दोन्ही प्यायले, बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, ‘चव दुसऱ्याची. पण घरात वास पहिल्याचा.’

दुसरा पेला कुकरचा होता. वासाचं त्यांचं निरीक्षणही बरोबर होतं. चार तास घरभर जो वास दरवळत होता, तो पातेल्यातून उडून चाललेला वास होता. कुकरमध्ये तो बराचसा आतच राहतो. आई म्हणाली, ‘आजाऱ्याला वासानंच भूक लागते.’ यावर मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला वाटलं, पन्नास मिनिटांत इतकं घट्ट होतं तर अडीच तासांत काय होईल. उलट पातळ झालं. फार वेळ जास्त उष्णतेत राहिलं की जिलेटिनच्या लांब साखळ्याही तुटत जातात, आणि चवीलाही जुनाट, करपटपणाकडे झुकणारा वास येतो. ब्रॉयलर कोंबडी कोवळीच असते, तिला तासाच्या वर काही नको. जून गावरान कोंबडीला मात्र दीड तास द्यावा लागला.

खरा धक्का यानंतर बसला. तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो तर बाबांचं वजन पाच किलोनं उतरलेलं. मी डाएटिशियनला मोठ्या अभिमानानं सांगितलं की रोज सहा पेले घट्ट ब्रॉथ देतेय. ती शांतपणे म्हणाली, ‘सूप द्या, पण ते जेवण समजू नका.’ पेलाभर सूपमध्ये प्रथिनं काही ग्रॅमच, तीही अपुरी. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नसतंच. हाडातलं कॅल्शियमही पाण्यात फारसं उतरत नाही.

हे माणसाला फार पूर्वीच कळलेलं आहे. पहिला प्रेशर कुकर देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनमध्ये दाखवला, आणि तो मुळी हाडं मऊ करण्यासाठीच होता. पुढे पॅरिसच्या इस्पितळांत गरिबांना हाडांच्या जिलेटिनचं सूप देऊ लागले. ते पोसतं का हे तपासायला समिती बसली, आणि १८४१ मध्ये माजांदी या शास्त्रज्ञानं अहवाल दिला, की नुसत्या जिलेटिनवर कुत्रीदेखील जगत नाहीत. मी बाबांवर तोच प्रयोग परत करत होते.

घरी आल्यावर सूप राहिलं, पण त्याचं काम बदललं. शिजवलेलं छातीचं मांस त्याच सूपमध्ये मिक्सरला गंधासारखं वाटून, दोनदा गाळून. उकडलेलं अंडं तसंच. मूगडाळ शिजवून, घोटून, सूपनं पातळ करून. दुधात दुधाची पावडर. या सगळ्याला चव यायची ती त्या सूपमुळे, म्हणून ते पोटात जायचं. पुढच्या दोन आठवड्यांत वजन उतरायचं थांबलं आणि किलोभर वाढलंही.

आता आमच्याकडे सूप कुकरमध्ये होतं, पन्नास मिनिटं, शिट्टीशिवाय. त्यात वाद उरलेला नाही. फक्त झाकण उघडल्यावर आई ते पातेल्यात ओतते आणि विनाकारण दहा मिनिटं उघडं, मंद आचेवर ठेवते. मी पहिल्यांदा विचारलं, ‘आता कशाला? झालंय ते.’

‘घराला कळू दे,’ ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, तारा निघून तेव्हा दोनच दिवस झाले होते, जीभ अजून जड होती, ‘मला कळलं.’