पान लागलंय

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी एक बाप आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. म्हणाला, "डॉक्टर, पोराला पान लागलंय." मी शहरात वाढलेलो. माझ्या कानाला पान लागणं म्हणजे तंबाखूचं पान खाऊन चक्कर येणं. मी विचारलं, "कुठलं पान खाल्लं होतं?" शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर माझं वाक्य पुरं होण्याआधीच सलाईनच्या बाटलीकडे धावल्या होत्या. साप चावला होता. तिन्हीसांजेला सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून तिथली माणसं 'पान लागलं' म्हणतात, 'जनावर चावलं' म्हणतात. मुलगा वाचला. अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं कळलं, पण ते अर्धं मिनिट मी आजतागायत विसरलेलो नाही.

पुढे सापाच्या विषयावर गावोगाव बोलायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं भाषण मी मन लावून लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य वहीत अजून आहे: "सर्पदंश झाल्यास रुग्णास धीर देऊन, दंश झालेल्या अवयवाची हालचाल टाळून, त्यास तात्काळ नजीकच्या रुग्णालयात दाखल करावे." व्याकरणात चूक नाही, वैद्यकातही चूक नाही. पण या वाक्यात माणूसच नाही. हालचाल टाळायची ती कोणी? दाखल करावे ते कोणी? 'करावे', 'न्यावे', 'टाळावे' हे भिंतीवरच्या फलकाचे शब्द आहेत. फलक सगळ्यांना उद्देशून असतो, म्हणून तो कोणालाच उद्देशून नसतो.

ते भाषण साखर कारखान्याजवळच्या एका गावात झालं. समाजमंदिरात पुढे गावचे बागायतदार आणि शाळेचे गुरुजी, बाजूला आशाताई आणि बचत गटाच्या बायका, मागे सातवी-आठवीची मुलं. दाराशी उभी होती बीडकडून ऊसतोडीला आलेली माणसं. फडाच्या कडेला कोप्या घालून ती जमिनीवर झोपतात, म्हणजे सापाची सगळ्यात जास्त गाठ त्यांचीच. भाषण संपल्यावर मी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाला काही विचारायचं नव्हतं. चांगलं झालं असं समजून मी निघालो.

नंतरच्या एका गावात मी प्रश्न बदलला. दाराजवळच्या एका बाईंना म्हटलं, "ताई, तुमच्या जाऊबाई आज आलेल्या नाहीत. घरी गेल्यावर त्यांना काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "चावलं की लगी फळी लावायची आन् वरनं घट्ट बांधायचं. इष वर चढत न्हाई."

मी नेमकं याच्या उलट सांगितलं होतं. दोरीनं किंवा फडक्यानं घट्ट बांधू नका, त्यानं खालचं रक्त थांबतं, पाय सडू शकतो, आणि घोणशीच्या विषानं आधीच सुजलेल्या पायाचं जास्तच नुकसान होतं. पण त्यानंतर दोनच वाक्यांनी मी म्हणालो होतो, पाय हलू नये म्हणून फळी बांधा. आधी 'बांधू नका', मग 'बांधा'. माझ्या डोक्यात ही दोन वेगळी कामं होती, त्यांच्या कानात एकच क्रियापद गेलं होतं. आणि साप चावल्यावर बांधायचं, हे तर त्यांना लहानपणापासून माहीत होतंच.

इथे मला बोलीतल्या शब्दाची खरी किंमत कळली. पुस्तकी शब्द कळला नाही तर ऐकणारा रिकाम्या हाती जातो. बोलीतला शब्द चुकीचा निवडला तर तो चुकीचं काम हातात घेऊन जातो. म्हणून शब्द सोपा आहे का, एवढं पाहून भागत नाही. तो ऐकल्यावर माणसाचा हात काय करील, ते पाहावं लागतं.

पुढच्या वेळेपासून मी 'बांधू नका' हे शब्द टाकूनच दिले. आता म्हणतो, "आवळू नका." आवळणं म्हणजे काय ते सरपणाची मोळी बांधणाऱ्याला, उसाची मोळी बांधणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. फळीबद्दल म्हणतो, "हाड मोडल्यावर पायाला खपच्या लावतात, तसा पाय सरळ ठेवा. फडकं एवढंच ओढा की खाली बोट जाईल." आणि समोरच्या एखाद्या मुलाला बाकावर बसवून त्याच्या पायाला दोन पट्ट्या आणि एक उपरणं लावतो, मग पहिल्या रांगेतल्या आजोबांना बोट घालून बघायला सांगतो. उपरण्याखालून बोट गेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. 'घट्ट' म्हणजे किती, हा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरी अडचण 'दवाखाना' या शब्दाची. 'रुग्णालय' काढून मी 'दवाखाना' घातला होता आणि त्यावर खूश होतो. पण गावात दवाखाना म्हणजे कोपऱ्यावरची एका खोलीची खासगी जागासुद्धा. तिथे सुई मिळते, सलाईन मिळतं, पण सापाच्या विषावरचं औषध बहुधा नसतं. माणसं 'जवळच्या दवाखान्यात' जातात, तिथून पुढे पाठवलं जातं आणि तासभर निघून जातो. म्हणून आता मी गोलमोल न बोलता ठिकाणच सांगतो: "तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. एसटी स्टँडच्या मागचं." 'ग्रामीण रुग्णालय' हा शब्द पुस्तकी खरा, पण तो पाटीवर आहे आणि रिक्षावाल्याच्या तोंडी आहे. जो शब्द ओळखीचा होऊन गेला, तो कुठून आला हे विचारत बसायचं नाही. 'रुग्णवाहिका' मात्र मी सोडली. लोक तिला तिच्या नंबरावरून 'एकशे आठ' म्हणतात. 'एकशे आठला फोन लावा' म्हटलं की बोट थेट आकड्यांवर जातं.

तिसरी अडचण औषधाच्या नावाची. 'प्रतिसर्पविष' हा शब्द अचूक आहे, पण भर सभेत म्हणताना माझीच जीभ अडखळते. लोक 'सापाची लस' म्हणतात, वर्तमानपत्रंही कधी कधी तसंच छापतात. मीही काही दिवस 'लस' म्हणत होतो. मग एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं, "मला दोन सालाखाली टोचलीय ती लस. आता चावलं तर चालंल की?" त्याचं काही चुकलं नव्हतं. पोलिओची, गोवरची लस आधी घेतात आणि ती पुढे राखण करते, हे आम्हीच त्याला वर्षानुवर्षं सांगितलेलं. सापाचं औषध तसं नाही. ते चावल्यानंतर द्यायचं असतं, अंगात उतरलेल्या विषाला धरतं आणि काही दिवसांत शरीरातून निघून जातं. पुन्हा साप चावला तर पुन्हा घ्यावं लागतं. तेव्हापासून मी 'सापाच्या विषावरचं औषध' म्हणतो. एका शब्दाच्या जागी तीन शब्द बोलावे लागतात. लागू देत.

काही ठिकाणी मात्र घरातल्याच शब्दानं मला तारलं. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त साकळायचं थांबतं. ते तपासायला आम्ही काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवतो. बाहेर नातेवाईक अस्वस्थ होतात, डॉक्टर नुसते घड्याळाकडे बघत बसलेत असं त्यांना वाटतं. 'रक्त गोठण्याची चाचणी' म्हणून त्यांचं समाधान होत नसे. आता म्हणतो, "विरजण लावल्यावर भांडं हलवत नाही ना आपण? तसंच आहे हे. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. दह्यासारखं जागेवर राहिलं तर रक्त साकळतंय. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात गेलंय." मग तेच शेजाऱ्याला समजावून सांगतात.

मण्यारीच्या बाबतीत अशा घरातल्या शब्दांचीच सगळ्यात जास्त गरज असते. ती रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही कधी दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे ओवा देतात. 'मज्जासंस्थेवर परिणाम' म्हटलं तर गुरुजी लिहून घेतात, बाकीचे वाट बघतात. मी म्हणायचो, "पापण्या जड होतात." तेही पुरेना, कारण दिवसभर कोयता चालवलेल्या माणसाच्या पापण्या रोजच जड असतात. आता म्हणतो, "त्याला म्हणा, वर आढ्याकडं बघ. बघायचं असूनही पापणी उचलत नसेल, थुंकी गिळताना अडकत असेल, तर ती झोप नव्हे. त्याला झोपू देऊ नका, गाडी बोलवा." सापाची नावं मी स्वतः सांगत नाही. चित्र दाखवतो आणि विचारतो, "तुमच्याकडं याला काय म्हणतात?" कोणी मण्यार म्हणतं, कोणी कांडर. दोन्ही नावं फळ्यावर लिहितो आणि पुढे दोन्ही वापरतो.

एक चूक अजून सांगायला हवी. बोलीत बोलायचं म्हणजे त्यांच्यासारखं बोलायचं, असं समजून एका सभेत मी 'इष', 'पानी', 'न्हाई' करू लागलो. एका म्हाताऱ्या बाबांनी मला शांतपणे सांगितलं, "सायेब, तुमी तुमचं बोला. आमाला कळतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मान दुखावलेला होता. सोंग घेतलं की गुरुजींना ते पोरकट वाटतं आणि ज्यांचं सोंग घेतलं त्यांना अपमान वाटतो. मी माझ्या घरी आईशी जसं बोलतो, तसं बोललं की बागायतदारालाही चालतं आणि कोपीतल्या माणसालाही. 'सर्पदंश' आई म्हणत नाही, 'इष'ही म्हणत नाही. ती म्हणते, "साप चावला."

आता भाषणाआधी मी वहीचं पान मधोमध दुमडतो. डावीकडे माझं वाक्य, उजवीकडे ते कोणीतरी परत सांगितलं तेव्हा कसं सांगितलं, ते. गेल्या पावसाळ्यात एका आजीबाईंनी सगळं ऐकून सुनेला असं सांगितलं: "आवळायचं न्हाई, चालवायचं न्हाई, बांगड्या-जोडवी आधी काडायची आन् भगताकडं न्हाई, स्टँडामागं न्यायचं." बांगड्या-जोडवी काढायचं मी नेहमी शेवटी सांगत असे, कारण ते मला बारीक काम वाटायचं. त्यांनी ते आधी घेतलं. पाय सुजल्यावर जोडवी निघत नाहीत, हे त्यांनी कधीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. त्या सभेपासून मीही ते आधी सांगतो, आणि त्यांच्याच क्रमानं.