रिमोटचं काम, फोनचं काम

आमच्या घरांत टीव्ही आता नुसता टीव्ही राहिला नाही. त्याला वाय-फाय लागतं, ईमेल लागतो आणि मुख्य म्हणजे पासवर्ड लागतो. रिमोट मात्र होता तसाच आहे. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि मधे ओके. ही पाच बटणं चॅनेल बदलायला पुरतात, लिहायला पुरत नाहीत. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची पाटी मांडलेली असते आणि तिच्यावर एकेक घर सरकत सरकत अक्षर गाठायचं असतं.

हे किती सरकणं असतं ते एकदा मोजूनच बघावं. नमुन्यादाखल एक पासवर्ड धरू, कुणाचाही नसलेला: `Jondhala-Haldi47-Paus`. एकवीस खुणा आहेत यात. त्यातली नुसती `dhala` एवढीच अक्षरं घ्या. नेहमीच्या कीबोर्डवर ही सगळी मधल्या ओळीत येतात. `d` वर उभं राहून `h` ला जायचं तर तीन घरं आणि एक ओके, झाले चार दाब. `h` पासून `a` पर्यंत सहा. `a` पासून `l` पर्यंत नऊ, आणि परत `a` ला यायला नऊ. चार अक्षरांना अठ्ठावीस दाब! मोठं अक्षर आलं की वेगळं बटण, आकडे आणि आडवी रेघ आली की बहुधा दुसरी पाटी, मग परत पहिली. एक दाब जास्त झाला की चूक, आणि चूक दिसत नाही, कारण पडद्यावर नुसते ठिपके.

याचा परिणाम काय होतो, तर माणसं पासवर्डच आखूड करतात. शहापूरला माझ्या थोरल्या नणंदेकडे, आक्कांकडे, नवा टीव्ही आला तेव्हा हेच चाललं होतं. मुलगा बेंगळुरूला. त्यानं आपल्या गूगल खात्याचा लांबलचक पासवर्ड फोनवर सांगितला, आक्कांनी तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत उतरवला आणि रिमोट घेऊन बसल्या. तीनदा चुकला. मला म्हणाल्या, "वैनी, त्याला सांगते, नातीचं नाव आणि एक-दोन-तीन असा सोपा कर बाबा. माझा अंगठा दुखायला लागला की."

त्यांचा अंगठा खराच दुखत होता. पण हा पासवर्ड काही टीव्हीपुरता नव्हता. त्याच खात्यात मुलाची मेल, फोटो, बँकेतून येणारी पत्रं. नातीचं नाव तर गल्लीत सगळ्यांना ठाऊक. रिमोटला झेपत नाही म्हणून घराचं कुलूप बदलून त्या जागी सुतळी बांधण्यासारखंच झालं हे.

मी म्हटलं, "आक्का, पासवर्ड तसाच राहू दे. रिमोट खाली ठेवा आणि फोन घ्या."

त्यांचा टीव्ही गूगलच्या पद्धतीचा, म्हणजे ज्यात प्ले स्टोअर असतं तसला. अशा टीव्हीसाठी फोनवर `Google TV` नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं. अट एकच, फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. आक्कांच्या फोनचं वाय-फाय बंदच होतं, तो सिमच्या नेटवर चालला होता. तसं असलं की अ‍ॅपला टीव्ही सापडतच नाही, आणि आपल्याला वाटतं अ‍ॅपच बिघडलंय. वाय-फाय चालू केलं, अ‍ॅपमध्ये रिमोटचं बटण दाबलं, यादीत टीव्हीचं नाव आलं. ते निवडल्यावर टीव्हीच्या पडद्यावर एक छोटा कोड उमटला. तो फोनमध्ये लिहिला की दोघांची ओळख झाली. ही ओळख एकदाच करायची. दुसऱ्याच्या घरातून कुणी आपला टीव्ही चालवू नये म्हणून तो कोड असतो. पडदा समोर असणाऱ्यालाच तो वाचता येतो.

ओळख झाली की फोनवर रिमोटचं चित्र येतं आणि त्यातच कीबोर्डची खूण असते. आधी टीव्हीवर पासवर्डच्या चौकटीत जाऊन उभं राहायचं, मग ती खूण दाबायची. क्रम महत्त्वाचा, कारण चौकट उघडी नसेल तर लिहिलेलं जाणार कुठं? मग फोनवर रोज वापरतो तोच कीबोर्ड उघडतो. आक्का वहीत बघून फोनवर लिहीत गेल्या, तसे टीव्हीवर ठिपके उमटत गेले. मिनिटभराचं काम.

तरीही पहिल्यांदा चुकलंच. टीव्ही म्हणाला, पासवर्ड बरोबर नाही. आक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मी ठिपके मोजायला सांगितले. वहीत होती अठरा अक्षरं, पडद्यावर ठिपके एकोणीस. एक ठिपका आगंतुक. फोनचा कीबोर्ड आपण लिहिताना शब्द सुचवतो, त्या सुचवलेल्या शब्दावर बोट पडलं की पुढं आपोआप एक मोकळी जागा सुटते. ठिपक्यांमध्ये ती मोकळी जागाही ठिपकाच दिसते. शिवाय कधी कधी पहिलं अक्षर कीबोर्ड स्वतःच मोठं करतो, आणि ते मोजूनही कळत नाही. म्हणून पासवर्डच्या चौकटीजवळ डोळ्याची खूण असेल तर ती दाबून एकदा वाचून घ्यावं, आणि सुचवलेल्या शब्दांना हात लावू नये.

आपल्याकडच्या बायकांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या फोनवर इंग्रजीत `paus` लिहिलं की ‘पाऊस’ होणारा मराठी कीबोर्ड असतो. मेसेज लिहायला तो उत्तम, पासवर्डला मात्र घातक. लिहायच्या आधी कीबोर्डवर इंग्रजी भाषा निवडलेली आहे ना, हे बघून घ्या.

पासवर्ड फोनमध्येच कुठं जपून ठेवलेला असेल तर तिथून उचलून या कीबोर्डच्या जागी चिकटवताही येतो. मग अक्षर चुकायचा प्रश्नच नाही. आणि पडद्यावर पासवर्डऐवजी चौकोनी क्यूआर कोड दाखवून ‘फोननं स्कॅन करा’ असं म्हटलं असेल, तर तोच रस्ता धरावा. त्यात खातं फोनवरच उघडतं आणि टीव्हीवर काहीच लिहावं लागत नाही.

दुसऱ्या पद्धतीच्या टीव्हींना त्यांची त्यांची अ‍ॅपं असतात. सॅमसंगसाठी `SmartThings`, एलजीसाठी `ThinQ`, अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीसाठी `Fire TV`. बटणांच्या जागा बदलतात, पण एकाच वाय-फायवर असणं आणि एकदा ओळख करून देणं हे मूळ बहुतेक तेच.

एका ठिकाणी मात्र ही युक्ती अडते. टीव्ही अजून वाय-फायला जोडलेलाच नसेल, तर फोनला तो या वाटेनं सापडणार नाही. म्हणजे वाय-फायचा पासवर्ड लिहायला हा कीबोर्ड उपयोगी नाही. अगदी नवा टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना ‘फोननं सेटअप करा’ असं विचारतो, तेव्हा हो म्हणावं. ती संधी गेली असेल तर घरातल्या कॉम्प्युटरचा वायरचा कीबोर्ड टीव्हीच्या मागच्या यूएसबीच्या खाचेत लावून बघावा. पुष्कळ टीव्ही तो लगेच ओळखतात आणि अक्षरं सरळ उमटायला लागतात. तेही नसेल तर तेवढा एक पासवर्ड रिमोटनं, घरं मोजत लिहावा. राउटर किंवा पासवर्ड बदलला नाही तर तो पुन्हा लिहावा लागत नाही.

आक्कांच्या मुलाचा पासवर्ड अजून अठरा अक्षरांचाच आहे. वहीतलं ते पान तेवढं त्यांनी त्याच संध्याकाळी फाडून चुलीत घातलं.