वारा धरतो हात

मामाचा मुलगा, आमचा दादा, पुण्यातली नोकरी सुटल्यावर घाटघरला परत आला. भातलावणीचे दिवस होते. तो खाचरात उतरायचा, काम करायचा, पण कुणाशी बोलायचा नाही. शाळेत कबीर, रहीम पाठ केलेले असल्यामुळे मला वाटलं, दादाला एक दोहा लिहून पाठवावा. पाठवला:

हार कधी मानू नये, हिंमत ठेव मनात;
कष्ट करावे रोजचे, यश येते दारात.

उत्तर म्हणून फक्त अंगठा आला. संध्याकाळी भेटल्यावर दादा म्हणाला, "मी काय कष्ट करत नव्हतो का रे?"

गंमत अशी की मोजमापात या दोह्याची काहीच चूक नव्हती. दोह्याच्या प्रत्येक ओळीत चोवीस मात्रा असतात. तेरावर थोडा विसावा आणि मग अकरा. ऱ्हस्व अक्षराची मात्रा एक, दीर्घाची दोन. अनुस्वार असलेलं किंवा ज्यावर पुढच्या जोडाक्षराचा आघात येतो ते अक्षरही दीर्घ. 'हार कधी मानू नये' मोजून बघा: हा दोन, र एक, क एक, धी दोन, मा दोन, नू दोन, न एक, ये दोन. बरोबर तेरा. 'हिंमत ठेव मनात' अकरा. दोन्ही ओळींच्या शेवटी यमक आहे. म्हणजे सांगाडा ठीक होता, आत माणूसच नव्हता.

दोह्याचे दोन भाग समान वजनाचे असतात. हे वाटतं तितकं साधं नाही. घाटघरच्या वेशीवरच नाणेघाट आहे, तिथल्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'तली गाथाही दोन ओळींचीच. पण तिची पहिली ओळ तीस मात्रांची आणि दुसरी सत्तावीस. दुसरी ओळ जरा लवकर संपते. दोह्यात मात्र दोन्ही पारडी सारखी, त्यामुळे एका बाजूला जे ठेवाल त्याच्या तोलाचं दुसऱ्या बाजूला लागतंच. माझ्या दोह्यात दोन्हीकडे उपदेश होता. तोलायला काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी नाणेघाटात गेलो. पावसात तिथला उलटा धबधबा तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. कोकणाकडून येणारा वारा कड्यावर आदळतो, त्याला पुढे जायला जागा नसते म्हणून तो वर चढतो आणि पडणारं पाणी परत माथ्यावर फेकतो. दादा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "पाण्याची काय ताकद नाही यात. सगळं वाऱ्याचं."

घरी येऊन लिहायला बसलो. पहिला तुकडा सुचला: 'दरीत पडते धार ती'. मात्रा तेरा, तरी म्हणताना जीभ अडखळली. कारण 'दरीत' म्हणजे लघु-गुरु-लघु. याला जगण म्हणतात, आणि दोह्याच्या पहिल्या किंवा तिसऱ्या तुकड्याची सुरुवात अशा शब्दाने करत नाहीत. शब्द फिरवले: 'धार दरीला चालली'. आता चाल लागली. पुढे लिहिलं 'वारा आणी वर'. इथे कानाने फसवलं. 'वर' आपण एका झटक्यात बोलतो, पण मोजायचं लिहिलेल्या अक्षरांवरून: व एक, र एक. एकूण दहाच झाल्या, शिवाय अकराच्या तुकड्याचा शेवट गुरु-लघु असा लागतो. 'वाट', 'घाट', 'हात' चालतात, 'वर' नाही. मग 'वारा धरतो हात' आलं.

आता बोध. पहिल्या ओळीत डोळ्यांना दिसलेलं ठेवलं होतं. दुसऱ्या ओळीत मी आधी 'पडलास तर ऊठ' अशा अर्थाचं काहीतरी जुळवत होतो. पण पाणी स्वतः उठतच नव्हतं, हे दादानेच मला सांगितलं होतं. चित्रातून जो अर्थ निघत नाही तो बोध म्हणून चिकटवला की दोह्याचे दोन भाग दोन वेगळ्या गोष्टी बोलायला लागतात. ओळखायची खूण सोपी आहे: पहिली ओळ झाकून बघा. दुसरी तशीच्या तशी सुविचाराच्या फळ्यावर शोभत असेल, तर तिला पहिलीची गरज नाही. शेवटी आज्ञा काढून टाकली आणि फक्त कळलेलं लिहिलं:

धार दरीला चालली, वारा धरतो हात;
पडला तेव्हा समजले, कोण उभे घाटात.

'चालली' धारेचं आहे, 'पडला' माणसाचं. मधल्या अर्धविरामात पाण्याचा माणूस होतो. 'घाटात' हा शब्द पहिली ओळ झाकली की पोरका होतो, म्हणून तो तिथे बसला. फळ्यावर कुणी हा लिहिणार नाही, आणि ते बरंच आहे.

या वेळी पाठवला नाही. चुलीजवळ बसून म्हणून दाखवला. मामी भाकरी थापत होती, ती म्हणाली, "परत म्हण." दादा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू उद्या लावणीला येणार आहेस ना?"