वाचायला कुणी नाही

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले तेव्हा कळलं, की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा तरुण नर. शेतं, ओढे, डांबरी रस्ते ओलांडत तो साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चालत आला होता. धाराशिवात या चालण्याचं कौतुक खूप झालं. मला मात्र त्याच्या नाकाचं कुतूहल अधिक आहे. टिपेश्वरातून त्याला बाहेर काढलं ते दरवेळी कुणाच्या पंज्याने नसेल. बरंचसं काम झाडांनीच केलं असेल.

वाघ झाडाशी पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ वर करतो आणि मागच्या मागे फवारा सोडतो. तो खोडावर साधारण माणसाच्या कंबर-छातीच्या उंचीला बसतो. येणाऱ्या वाघाचं नाकही तिथंच असतं. झाड शक्यतो एका बाजूला कललेलं निवडायचं आणि फवारा त्याच्या खालच्या अंगावर मारायचा, म्हणजे पावसाने धुऊन जात नाही. हा फवारा म्हणजे नुसतं मूत्र नव्हे. त्यात स्निग्ध पदार्थ असतात. उडून जाणाऱ्या वासाला ते धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात.

या वासाचा पिच्छा पुरवला तो कोलकात्याचे जैवरसायनशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी. ओडिशातल्या सिमलीपालला खैरी नावाची माणसाळलेली वाघीण होती. तिच्याजवळ राहून त्यांना या वासाचा अभ्यास करता आला. वाघाच्या फवाऱ्यात त्यांना जो रेणू सापडला, तोच बासमतीला सुगंध देतो: २-असिटिल-१-पायरोलिन. आंबेमोहोर शिजताना घरभर पसरतो त्या वासातही तोच आहे. वाघाच्या रानात फिरताना अचानक भात शिजल्याचा वास आला, तर जवळ वस्ती आहे असं समजून पुढं जाऊ नये.

हे झाड काय सांगतं? नेपाळच्या चितवनमध्ये स्मिथ, मॅकडूगल आणि मिकेल यांनी वाघांच्या खुणांचा माग काढला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन वाघांच्या हद्दी जिथं भिडतात तिथं खुणा दाट होत्या. वाघीण माजावर येण्याआधी जास्त फवारे मारत होती; म्हणजे तीच गंधखूण दुसऱ्या वाघिणीला ‘लांब राहा’ सांगते आणि नराला ‘ये’. वास घेणारा वाघ नाक मुरडून, ओठ वर ओढून, जीभ बाहेर काढून क्षणभर थिजतो. टाळूजवळच्या एका खास इंद्रियाकडे तो वास पोचवत असतो. खूण कुणाची, नराची की मादीची, ताजी की शिळी, एवढं त्यातून उमगतं. शिळेपण महत्त्वाचं. खुणा ताज्या होईनाशा झाल्या, की शेजारी काही आठवड्यांतच हद्दीत पाय टाकतात. म्हणून मालकाला सतत फेरी मारावी लागते.

ओरखडे त्यामानाने साधे. मागच्या पायांवर उभं राहून पुढच्या नख्या खोडावरून खाली ओढायच्या. नखांना धार लावणं, असं आपण म्हणतो. खरं तर नखावरचं जुनं टरफल सुटून खालचं नवं टोक उघडं पडतं. कधी ते टरफल सालीत अडकलेलं सापडतं. बिबट्याही असेच ओरखडे काढतो, पण खाली. त्याचा हात तेवढा वर पोचत नाही. गीरचे सिंहही झुडपांवर फवारतात, मात्र ते कळपात राहतात. त्यांची हद्द एकट्याची नसून अनेकांची असते, आणि ती राखायला जोडीला डरकाळीही असते.

आता येडशीकडे. हद्द नसलेला तरुण नर परक्या रानात सहसा गप्प चालतो. फवारे मारून मालकाचं लक्ष कशाला ओढवून घ्यायचं? ताजा वास लागला की वळायचं, वास थांबला की पुढं. अशा वळणांनी चालणाऱ्याला येडशीत प्रथमच सगळी झाडं कोरी मिळाली असणार. पण हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. चितवनच्या चांगल्या रानात एवढ्यात एखादी वाघीण मावते. नराला कितीतरी जास्त लागतं. म्हणून तो बार्शी तालुक्यातही जाऊन येत होता, आणि वाटेत सापडलेलं जनावर मारत होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याला पकडायला ताडोबाहून पथक आलं होतं.

त्याच्या खुणा वाचणारे इथं आहेत, पण ते त्याच्या जातीचे नाहीत. बिबट्याला त्या वासातला अर्थ चांगला कळतो. वाघ असेल तिथं बिबट्या कडेला, गावाच्या बाजूला सरकतो. रामलिंगच्या भोवती बिबट्या अचानक वस्तीजवळ दिसू लागला, तर शोध आत, रानातल्या कललेल्या झाडांपाशीही घ्यायला हवा. आणि या नराला जिचं उत्तर हवं, त्या वाघिणीने खूण केलेलं जवळचं झाड शेकडो किलोमीटरवर आहे.